रूपांतरित प्रश्नावली, ०.५८ चा अल्फा आणि आठवे विधान

प्रश्न : सर, मी मराठवाड्यातील ग्रामीण कनिष्ठ महाविद्यालयांतील अकरावीच्या विद्यार्थ्यांच्या आत्मसन्मानावर पीएच.डी. करत आहे. रोझेनबर्ग यांची दहा विधानांची श्रेणी मी मराठीत आणली आणि चार पर्यायांऐवजी पाच पर्याय ठेवले. सहा तज्ज्ञांकडून ती तपासून घेतली असून त्यांची प्रमाणपत्रे परिशिष्टात आहेत. ४० विद्यार्थ्यांच्या पथदर्शी चाचणीत क्रोनबाखचा अल्फा ०.५८ आला आणि आठवे विधान काढल्यावर तो ०.७१ झाला. मुख्य सर्वेक्षणात ४२० विद्यार्थ्यांकडून दहाही विधाने भरून घेतली आहेत. पूर्व-सादरीकरणात एका परीक्षकांनी विचारले, "मूळ श्रेणीचा अल्फा ०.८८ आहे, तुमचा एवढा कमी का? प्रमाणित साधनाला हात का लावला?" मला उत्तर देता आले नाही. SPSS चे तक्ते आणि मराठी विधाने सोबत जोडली आहेत. मौखिकीत मी काय सांगू?

— शिक्षणशास्त्राची एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर : सर्वप्रथम त्या ०.८८ चा माग काढा. रोझेनबर्ग यांनी ही श्रेणी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यामागे न्यूयॉर्क राज्यातील दहा शाळांमधील ५,०२४ विद्यार्थ्यांचे प्रतिसाद होते आणि विधानांची तपासणी त्यांनी गटमनच्या पद्धतीने केली होती. क्रोनबाख यांचा लेख १९५१ मध्येच आलेला होता, तरी रोझेनबर्ग यांनी आपली श्रेणी अल्फावर उभी केलेली नव्हती. त्यामुळे "मूळ श्रेणीचा अल्फा" म्हणून जो आकडा फिरतो, तो नंतरच्या कोणत्या तरी अभ्यासातला, वेगळ्या देशातील आणि वेगळ्या वयाच्या गटाचा असतो. तो आकडा तुम्ही किंवा तुमच्या परीक्षकांनी कोणत्या शोधनिबंधातून घेतला, तिथे प्रतिसादक कोण होते आणि भाषा कोणती होती, हे तीन ओळींत प्रबंधात लिहा. एवढे लिहिले की तुलना कशाची कशाशी होत आहे, हे वाचणाऱ्याला आपोआप कळते.

तुलना जपून करायला हवी, याचे कारण सूत्रातच आहे.

```
α = (k / (k − 1)) × (1 − ΣVi / Vt)
```

यात k म्हणजे विधानांची संख्या, Vi म्हणजे प्रत्येक विधानाच्या गुणांचे प्रचरण, ज्याला आपण सर्रास व्हेरियन्स म्हणतो, आणि Vt म्हणजे एकूण गुणांचे प्रचरण. हे सगळे आकडे विद्यार्थ्यांच्या उत्तरांतून येतात. छापील विधानांमध्ये त्यातले काहीच नसते. विधाने एकमेकांना धरून चालली की एकूण गुण पसरतात, Vt वाढते आणि अल्फा वर जातो. गट फार एकसारखा असेल तर तीच विधाने कमी अल्फा देतात. तुमचे विद्यार्थी एकाच इयत्तेतले आणि बहुतेक एकाच प्रकारच्या गावांतले असल्याने थोडी घट समजण्यासारखी आहे. मात्र मौखिकीत हे कारण पुढे करू नका, कारण तुमच्या तक्त्यांत ०.५८ चे कारण वेगळेच दिसते आहे आणि ते अधिक ठोस आहे.

`Scale Statistics` या तक्त्यात एकूण गुणांचे प्रचरण १८.८३ आहे. दहा विधानांच्या प्रमाण विचलनांचे वर्ग करून बेरीज केली तर ती ९.०० येते. सूत्रात घातल्यावर १०/९ × (१ − ९.००/१८.८३) म्हणजे ०.५८ मिळतात. आता `Item-Total Statistics` मध्ये आठव्या विधानाची ओळ पाहा. `Scale Variance if Item Deleted` या स्तंभात २१.४१ आहे. विधान काढले तर एकूण प्रचरण कमी व्हायला हवे होते, ते उलट वाढले आहे. हे विधान इतर नऊ विधानांच्या विरुद्ध दिशेला ओढत असले तरच असे घडते. शेजारच्या `Corrected Item-Total Correlation` मध्ये उणे ०.३८ दिसते, ते याच ओढीचे माप आहे. हे विधान वगळून उरलेल्या नऊ विधानांच्या प्रचरणांची बेरीज ७.९० राहते आणि ९/८ × (१ − ७.९०/२१.४१) म्हणजे तुमचे ०.७१ होतात. आकडेमोड बरोबर आहे. विधान विरुद्ध दिशेला का ओढते आहे, हा प्रश्न मात्र तुम्ही स्वतःला विचारलेला नाही आणि परीक्षक नेमका तोच विचारतील.

याची दोन कारणे संभवतात आणि तक्त्यात दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात.

पहिले कारण अगदी साधे आहे. या श्रेणीतील २, ५, ६, ८ आणि ९ ही विधाने नकारात्मक असल्याने त्यांचे गुण उलटवावे लागतात. आठवे विधान उलटवायचे राहून गेले असेल, किंवा फाइल पुन्हा उघडून आज्ञा दुसऱ्यांदा चालवल्याने ते मूळ दिशेला परत आले असेल, तर नेमका असाच उणे सहसंबंध मिळतो. तुम्ही मूळ चलांवरच गुण उलटवल्याने नुसत्या तक्त्यावरून मला हे सांगता येत नाही. पथदर्शी चाचणीच्या छापील प्रश्नावल्यांमधून कोणत्याही पाच काढा. आठव्या विधानापुढे विद्यार्थ्याने कुठे खूण केली आहे आणि फाइलमध्ये त्या जागी कोणता अंक आहे, हे शेजारी ठेवून पाहा. "पूर्ण सहमत" ला ५ गुण असतील आणि तिथे खूण असूनही फाइलमध्ये ५ च दिसत असेल, तर ते उलटवलेले नाही. तसे निघाले तर विधान काढण्याची गरजच नव्हती. आठव्या विधानाचे स्वतःचे प्रचरण १.१० आहे. ते २१.४१ मध्ये मिळवले की २२.५१ होतात, पण विरुद्ध ओढीमुळे ३.६८ कमी होऊन १८.८३ उरले आहेत. दिशा सुधारली की तेच ३.६८ वजा होण्याऐवजी मिळवले जातील, एकूण प्रचरण २६.१९ होईल आणि दहाही विधाने ठेवून अल्फा ०.७३ येईल. पुढे असा गोंधळ होऊ नये म्हणून गुण नेहमी नव्या नावाच्या चलात उलटवावेत.

```
RECODE q2 q5 q6 q8 q9
  (1=5) (2=4) (3=3) (4=2) (5=1)
  INTO q2r q5r q6r q8r q9r.
EXECUTE.
```

मूळ श्रेणी चार पर्यायांची असल्याने अनेक ठिकाणी १ चे ४ आणि २ चे ३ करणारी आज्ञा छापलेली सापडते. ती पाच पर्यायांना तशीच लावली तर गुण चुकीच्या जागी पडतात आणि ५ हा अंक बदलायचाच राहून जातो. तुमच्याकडून तसे झाले आहे का, तेही त्याच पाच प्रश्नावल्यांवर पाहून घ्या.

दुसरे कारण भाषेचे आहे. मूळ आठव्या विधानाचा आशय असा की, मला स्वतःबद्दल आणखी आदर वाटता तर बरे झाले असते. त्यात आज तो आदर कमी पडतो आहे, ही खंत आहे. तुमचे मराठी वाक्य असे आहे : "मला स्वतःबद्दल अधिक आदर वाटावा अशी माझी इच्छा आहे." ही खंत राहिली नाही, आकांक्षा झाली. काही वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या गावी अशाच वाक्याची तोंडी पडताळणी करत होतो. एका मुलीने वाक्य वाचले, "पूर्ण सहमत" वर खूण केली आणि मी कारण विचारल्यावर म्हणाली, "वाटायलाच पाहिजे ना सर, स्वतःबद्दल आदर कुणाला नको असतो?" ती वर्गातली सर्वांत धीट मुलगी होती आणि या विधानावर तिला सर्वांत कमी गुण मिळाले. हे फक्त मराठीतच घडते असे नाही. या श्रेणीचे आठवे विधान अनेक भाषांतील रूपांतरांत इतर विधानांपासून फटकून वागते, असे वारंवार आढळले आहे. मौखिकीत हा संदर्भ तुमच्या हाताशी असायला हवा.

उलटवणे व्यवस्थित झालेले असेल, तर कारण हेच समजा. पण तर्कावर थांबू नका. नमुन्यात नसलेले अकरावीचे आठ-दहा विद्यार्थी बसवा, दहाही विधाने त्यांच्यासमोर ठेवा आणि प्रत्येकासाठी "हे तुझ्या शब्दांत सांग" आणि "हा पर्याय का निवडलास?" एवढे दोनच प्रश्न विचारा. त्यांची उत्तरे जशीच्या तशी लिहून घ्या. त्यांतील दोन-तीन प्रबंधात छापली तर आठवे विधान वगळण्याला आकड्याखेरीज अर्थाचाही आधार मिळेल. ही पडताळणी मुख्य सर्वेक्षणानंतर केली, हेही तारखेसह सांगा. उशिरा केलेली पडताळणी उशिरा केली म्हणून लिहिणे योग्यच आहे. विद्यार्थी विधान आकांक्षेसारखे वाचतात, मग त्याचे गुण उलटवायचेच नाहीत, अशी पळवाट मात्र काढू नका. त्याने अल्फा वाढेल, पण तुम्ही आता वेगळीच गोष्ट मोजत असाल.

याच मुलाखतींत पाचव्या विधानाकडे बारकाईने पाहा. त्याचा सहसंबंध जेमतेम ०.१२ आहे. तुम्ही लिहिले आहे, "गर्व वाटावा असे माझ्याकडे फारसे काही नाही." हे वाक्य हिंदी रूपांतरावरून आले असावे, असा माझा अंदाज आहे. हिंदीत गर्व ही चांगली भावना असते, पण मराठीत गर्व झाला म्हणजे माणूस चढला, आणि गर्वाचे घर खाली हे आपण लहानपणापासून ऐकतो. घरून नम्रतेचे वळण मिळालेला मुलगा या वाक्याशी सहमत होईल आणि त्याचा आत्मसन्मान कमी असल्याची नोंद होईल. इथे "अभिमान" हवा होता.

तुम्ही प्रबंधात उलट अनुवाद करून घेतल्याचे लिहिले आहे. ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेली ही पद्धत उपयुक्त आहे, पण तिची मर्यादा या एका शब्दात दिसते. "गर्व" परत इंग्रजीत नेला की "प्राइड" च मिळतो, "अभिमान" नेला तरी "प्राइड" च मिळतो, आणि दोन्ही इंग्रजी वाक्ये जुळल्याचे समाधान वाटते. चूक मराठी वाचकाच्या मनात घडते आणि उलट अनुवाद तिथपर्यंत पोहोचत नाही. तज्ज्ञांच्याही ती नजरेतून सुटली, कारण बहुधा त्यांनी मराठी विधान मूळ इंग्रजीच्या शेजारी ठेवून वाचले.

आता त्या प्रमाणपत्रांबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. "सदर प्रश्नावली तपासली असून ती योग्य आहे" अशा सहा सह्या म्हणजे आशय सप्रमाणतेचा पुरावा होत नाही, कारण कोणत्या विधानाला कोणी काय म्हटले, हे त्यातून कळत नाही. परीक्षकांनी या जागेवर बोट ठेवले तर तुमच्याकडे सांगण्यासारखे काही राहणार नाही. त्याच सहा तज्ज्ञांना एक साधा तक्ता पाठवा. प्रत्येक विधान आत्मसन्मान या संकल्पनेशी किती सुसंगत आहे, ते त्यांनी १ ते ४ मध्ये नोंदवावे आणि मराठी शब्दरचनेवर शेरा लिहावा. ३ किंवा ४ देणाऱ्यांची संख्या भागिले सहा, हा त्या विधानाचा निर्देशांक होतो. सहा किंवा अधिक तज्ज्ञ असताना साधारण ०.७८ ही किमान पातळी मानतात, म्हणजे सहांपैकी पाच जणांची मान्यता हवी. पाच जणांवर ०.८३ येतात आणि विधान टिकते, चारच निघाले तर ०.६७ येऊन ते अडते. या वेळी तज्ज्ञांना फक्त मराठी विधाने द्या, इंग्रजी देऊ नका. शक्य असेल तर सहांपैकी दोघे तरी अकरावीला मराठी शिकवणारे प्राध्यापक असू द्या. मुलांच्या कानाला शब्द कसा लागतो, हे मानसशास्त्राच्या विभागप्रमुखांपेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते.

पुढचा मुद्दा ०.७१ चा. ज्या ४० मुलांच्या उत्तरांवरून विधान काढायचे ठरवले, त्यांच्याच उत्तरांवर नवा अल्फा मोजला की तो थोडा फुगलेला असतो. शिवाय ४० जणांवर काढलेल्या ०.७१ ची ९५ टक्के विश्वास-मर्यादा साधारण ०.५६ ते ०.८३ इतकी रुंद असते. म्हणून पथदर्शी आकड्यावर वाद घालत बसू नका. तुमच्या हाती ४२० नव्या विद्यार्थ्यांची दहाही विधानांची उत्तरे आहेत, ही तुमच्या अभ्यासाची सर्वांत भक्कम बाजू आहे. तिथे अल्फा तीनदा काढा : दहा विधानांचा, आठवे वगळून नऊ विधानांचा, आणि पाचवे व आठवे वगळून आठ विधानांचा. तिन्ही आकडे छापा. मग तुमचा मुख्य निष्कर्ष, उदाहरणार्थ मुले आणि मुली यांच्यातील फरक, तिन्ही प्रकारच्या बेरजांवर तपासा. तो तिन्हीकडे टिकला तर विधाने वगळण्याचा प्रश्न जवळजवळ निकालात निघतो. टिकला नाही तर ते प्रबंधात लिहिणे भाग आहे, आणि तो निष्कर्ष तुम्हाला बऱ्याच सौम्य शब्दांत मांडावा लागेल.

०.७० ची जी लक्ष्मणरेषा सगळे सांगतात, ती बहुतेक प्रबंधांत ननली यांच्या १९७८ च्या आवृत्तीचा हवाला देऊन येते. तिथे ०.७० हे संशोधनाच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठी पुरेसे म्हटले आहे, मूलभूत संशोधनासाठी ०.८० आणि व्यक्तीविषयी निर्णय घ्यायचा असेल तर ०.९० पेक्षा कमी नको, असेही तिथेच आहे. तुम्ही गटांच्या सरासरींची तुलना करत आहात आणि एकाही मुलाला त्याच्या गुणांवरून समुपदेशनासाठी निवडत नाही. तुमचा बचाव इथे आहे. उलट, "या श्रेणीवरून कमी आत्मसन्मानाचे विद्यार्थी ओळखावेत" अशी शिफारस तुमच्या शेवटच्या प्रकरणात असेल, तर ती काढून टाका. ०.७१ तिचा भार पेलत नाही.

अल्फा चांगला आला म्हणजे सगळी विधाने एकच गोष्ट मोजतात, हेही सिद्ध होत नाही. ४२० जणांच्या उत्तरांवर घटक विश्लेषण कराल, तेव्हा बहुधा दोन घटक मिळतील आणि सकारात्मक विधाने एकात, नकारात्मक दुसऱ्यात जातील. ते पाहून गोंधळू नका. या श्रेणीबाबत अशी विभागणी अनेकदा आढळली आहे आणि ती बऱ्याच अंशी वाक्यरचनेमुळे होते. "माझ्याकडे फारसे काही नाही" या वाक्याला "असहमत" म्हणताना मुलाला दोन नकार मनात फिरवावे लागतात, आणि घाईत भरणारा तिथेच घसरतो. परीक्षकांनी "घटक दोन असताना एकच बेरीज का घेतली?" असे विचारले, तर दोन्ही गटांचे वेगवेगळे अल्फा आणि त्यांच्या बेरजांमधील सहसंबंध दाखवा. तो सहसंबंध बऱ्यापैकी असेल तर एकत्र बेरजेला आधार मिळतो. अगदी क्षीण असेल तर दोन्ही बेरजांवरचे निष्कर्ष वेगवेगळे द्यावेत.

पाच पर्यायांबद्दल एवढेच सांगतो की, तुमचे गुण १० ते ५० या पट्ट्यात पडतात. चार पर्यायांच्या अभ्यासांतील सरासरींशी त्यांची थेट तुलना तुम्ही तिसऱ्या प्रकरणात केली आहे, ती वगळा. "सांगता येत नाही" हा मधला पर्याय का दिला, याचे कारण पथदर्शी चाचणीतले असेल तर लिहा. कारण नसेल तर अभ्यासाची मर्यादा म्हणून नोंदवा.

साधनाच्या वर्णनात "प्रमाणित श्रेणी वापरली" हे शब्द बदला. भाषा, पर्याय आणि विधानांची संख्या बदलल्यावर मूळ श्रेणीची प्रमाणितता तिच्यासोबत येत नाही. तिथे "रोझेनबर्ग (१९६५) यांच्या श्रेणीवर आधारित, संशोधिकेने मराठीत रूपांतरित केलेली श्रेणी" असे लिहा आणि खालोखाल एका तक्त्यात प्रत्येक विधानाचे मूळ रूप, मराठी रूप, केलेला बदल आणि त्याचे कारण द्या. हात का लावला, या प्रश्नाचे उत्तर हा तक्ताच देईल.

मौखिकीत तोच प्रश्न आला की तक्त्याचे पान उघडा आणि साधारण असे सांगा : "मॅडम, ०.८८ हा अमुक अभ्यासातील अमुक गटाचा आहे. माझ्या विद्यार्थ्यांची भाषा मराठी असल्याने रूपांतर आवश्यक होते. पथदर्शी चाचणीत आठवे विधान विरुद्ध दिशेला जात होते. गुण उलटवण्यात चूक नाही, हे मी छापील प्रश्नावल्यांवरून पडताळले आणि विद्यार्थ्यांच्या मुलाखतींत ते आकांक्षा म्हणून वाचले जाते असे आढळले. ४२० विद्यार्थ्यांवर दहा, नऊ आणि आठ विधानांचे अल्फा हे आहेत आणि मुख्य निष्कर्ष तिन्ही वेळा असा येतो." कोरे ठेवलेले आकडे तुमच्या फाइलमधून भरा. छापील प्रश्नावल्यांवरून उलटवण्याची चूक सापडली, तर मात्र हे उत्तर तसे देता येणार नाही. अशा वेळी ४२० जणांच्या फाइलमधील आठवे विधानही त्याच रीतीने तपासा, सगळे तक्ते नव्याने काढा आणि मौखिकीच्या आधी मार्गदर्शकांना दाखवून प्रबंधात दुरुस्ती करून घ्या.